२०० पैकी २१४ गुण आणि त्यामागचं गणित

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत नॉर्मलायझेशनचा, म्हणजे वेगवेगळ्या शिफ्टच्या सोप्या-अवघड पेपरांचे गुण एका मापात आणण्याचा विषय काढा, तलाठी भरतीचं उदाहरण निघतंच. २०२३ ची ती परीक्षा २०० गुणांची, ५७ शिफ्टमध्ये झालेली. यादी लागली तेव्हा एका उमेदवाराला २१४ गुण होते. पेपरच २०० चा, मग हे वरचे १४ आले कुठून, हा प्रश्न मला आजही मुलं विचारतात. मी स्पर्धा परीक्षांचं गणित शिकवते आणि माझं म्हणणं असं की केवळ एकूण गुणांपेक्षा जास्त गुण दिसले म्हणून घोटाळा ठरत नाही. चिंता करायची जागा वेगळी आहे.

स्टाफ सिलेक्शन कमिशनने बरीच वर्षं वापरलेलं सूत्र घेऊ. त्यात प्रत्येक शिफ्टचे दोन आकडे काढतात. एक, त्या शिफ्टची सरासरी अधिक प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती साधारण किती पसरलेत तो आकडा. दुसरा, त्या शिफ्टमधल्या वरच्या ०.१ टक्के मुलांच्या गुणांची सरासरी. हेच दोन आकडे सगळ्या शिफ्ट एकत्र धरूनही काढतात. मग तुमच्या शिफ्टमधलं या दोन आकड्यांमधलं अंतर एकूण परीक्षेतल्या अंतराएवढं ताणतात किंवा आवळतात.

समजा, सकाळचा पेपर सोपा गेला. सरासरी ११०, विचलन ३०, बेरीज १४०, वरच्या मुलांची सरासरी १९०. दुपारचा अवघड: सरासरी ८०, विचलन ३०, बेरीज ११०, वरच्यांची सरासरी १६५. सगळ्या शिफ्ट मिळून सरासरी ९५, विचलन ३५, बेरीज १३०, वरच्यांची १८५. म्हणजे एकूण अंतर ५५. दुपारचं अंतरही ५५, म्हणून तिथे गुणक १. सकाळचं अंतर ५०, म्हणून गुणक १.१. शेवटी पाया म्हणून एक आकडा मिळवतात, आणि तो म्हणजे सर्वांत जास्त सरासरीच्या शिफ्टची सरासरी अधिक सगळ्या शिफ्ट मिळूनचं विचलन: ११० अधिक ३५, म्हणजे १४५.

आता सकाळच्या मुलीला १५५ पडले. १४० च्या वर १५, गुणिले १.१, अधिक १४५: झाले १६१.५. दुपारच्या मुलाला १४० च पडले. ११० च्या वर ३०, अधिक १४५: झाले १७५. पंधरा गुण कमी असूनही तो पुढे गेला, आणि त्याच्या पेपरची अवघड पातळी पाहता ते रास्त आहे. दुपारीच कुणी १७० काढले असते तर ६० अधिक १४५, म्हणजे २०५ झाले असते. पाया सोप्या शिफ्टचा असल्यामुळे बेरीज २०० ओलांडते, एवढंच.

मला झोप येऊ देत नाही ती गोष्ट म्हणजे ते ०.१ टक्के. तलाठी भरतीला साडेआठ लाखांच्या वर मुलं बसली होती. ५७ ने भागा, एका शिफ्टला साधारण १५ हजार. त्याचा ०.१ टक्का म्हणजे पंधरा जण. अशा आकाराच्या परीक्षेत हे सूत्र लावलं तर अख्ख्या शिफ्टचा गुणक पंधरा जणांच्या हातात जातो. आमच्या उदाहरणातल्या दुपारच्या शिफ्टमध्ये पाच जणांनी एखाद्या केंद्रावर कॉपी करून वरच्या पंधरातल्या पाच जागा घेतल्या आणि त्या जागांवरच्या मुलांपेक्षा प्रत्येकी ३० गुण जास्त मिळवले, तर ती सरासरी १६५ ची १७५ होते. अंतर ६५, गुणक ०.८५. मग प्रामाणिकपणे १४० काढणाऱ्याचे १७५ ऐवजी साधारण १७०.४ होतात. साडेचार गुण गेले, त्याने काहीही न करता! एकेका गुणावर शेकडो जण अडकलेल्या यादीत याचा अर्थ काय होतो, हे दोन-तीन वर्षं पुण्यात खोली घेऊन राहिलेल्या कुणालाही विचारा.

कमिशन २०२५ मध्ये समान पर्सेंटाइलच्या पद्धतीकडे वळलं. तुमच्या शिफ्टमध्ये किती टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, त्यावर गुण ठरतात. मूठभर टॉपरांची पकड त्यामुळे खूप सैल होते, म्हणून मला ही पद्धत जास्त पटते. पण दोन्ही पद्धती एक गोष्ट गृहीत धरतात, की प्रत्येक शिफ्टमध्ये साधारण सारख्याच तयारीची मुलं आहेत. शिफ्टचं वाटप लॉटरीने झालं तर १५ हजारांच्या गटात हे बहुतेक खरं ठरतं. ते जिल्ह्यानुसार किंवा अर्जाच्या तारखेनुसार झालं, तर मात्र सरासरी पेपरमुळे घसरली की मुलांमुळे, हे सूत्राला कळायला मार्गच नाही. दोन्ही शिफ्टमध्ये काही प्रश्न तेच ठेवले तर कळेल, पण ते प्रश्न दुपारपर्यंत टेलिग्रामवर येणार.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक भरतीच्या निकालासोबत शिफ्टवार आणि सगळ्या शिफ्ट मिळून असा तक्ता जाहीर करा: किती जण बसले, सरासरी, विचलन, वरच्या ०.१ टक्क्यांची सरासरी, आणि शिफ्टचं वाटप कसं केलं त्याचा नियम. यात कुणाचं नाव येत नाही, काही गोपनीय नाही. एवढं हाती असलं तर शास्त्री रोडवरचा कुठलाही मुलगा मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर स्वतःचे गुण पडताळून पाहील, आणि चूक असेल तर नेमकी कुठल्या आकड्यात आहे ते लिहून आक्षेप घेईल.