'शुड ऑफ' म्हणजे 'सांगायला पाहिजे चं'

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपवर कुणी घाईत इंग्रजीतून उत्तर दिलं की अधूनमधून 'सॉरी, आय शुड ऑफ टोल्ड यू' असं दिसतं. हवं असतं 'शुड हॅव टोल्ड यू'. व्याकरण कच्चं म्हणून असं होतं, हे मला पटत नाही.

ही मुळात इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या कानाची चूक. बोलताना ते 'हॅव'वर जोर देत नाहीत. ह गळतो, स्वर बुजतो आणि 'शुडव्ह' एवढंच उरतं. त्यांच्या तोंडी 'ऑफ'सुद्धा घाईत 'अव्ह'च होतो, कारण त्यातल्या एफचा उच्चार व्ह आहे. दोन्ही सारखेच ऐकू आले की बोटं दुसराच शब्द टाइप करतात. आपण मात्र 'हॅव' आणि 'ऑफ' खणखणीत वेगळे म्हणतो. त्यामुळे आपल्यात ही चूक शिरते ती डोळ्यांतून, परदेशी कमेंटी वाचून वाचून. 'नीट ऐका' हा सल्ला इथं कुचकामी.

आपल्याकडे त्याहून सोपा उपाय आहे. 'सांगायला पाहिजे होतं' यातलं 'होतं' काढा, काळच गेला. शेजारची कन्नडही तेच करते: 'हेळबेकित्तु', म्हणजे 'बेकु'ला 'इत्तु' जोडलेलं. इंग्रजीत 'शुड'च्या पुढं ते 'होतं'चं काम 'हॅव' करतो, आणि त्यामागं क्रियापदाचं तिसरं रूप येतं: टोल्ड, गॉन, डन. 'ऑफ' म्हणजे आपला चा-ची-चे. म्हणून 'शुड ऑफ टोल्ड' मराठीत आणलं की 'सांगायला पाहिजे चं' होतं. हसू आलं ना? पाठवण्याआधी एवढंच करून बघा. 'कुड', 'वुड', 'माइट', 'मस्ट' यांनाही हीच कसोटी लागते.

फोन का सांगत नाही? 'शुड' बरोबर, 'ऑफ'ही बरोबर. साधी स्पेलिंगतपासणी एकेक शब्द बघते, जोडी बघत नाही, त्यामुळे लाल रेघ येत नाही. वर तुम्ही चार वेळा तसंच लिहिलंत की कीबोर्ड पुढचा शब्द म्हणून 'ऑफ'च सुचवायला लागतो. जीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत शॉर्टकट टाकून ठेवा:

```
shh → should have
cdh → could have
```

शॉर्टकट टाइप केला की पूर्ण शब्द वरच्या पट्टीत येतात, तिथं बोट लावावं लागतं. आयफोनवर टेक्स्ट रिप्लेसमेंटमध्ये हेच भरलं तर स्पेस दिली की आपोआप बदलतं.

एक सावधगिरी. लिहिलेल्या मजकुरात 'कुड ऑफ' शोधून सरसकट बदलू नका. 'यू कुड ऑफ कोर्स टेक द अर्ली बस' हे वाक्य अगदी बरोबर आहे, कारण तिथं 'ऑफ' हा 'कुड'चा नाही, 'कोर्स'चा सोबती आहे. बदललंत तर 'कुड हॅव कोर्स' होऊन बसेल.