घरचा हक्काचा जामीनदार कसं व्हावं

ज्या घरात एकाच्या पगाराची तारीख ठरलेली असते, त्या घराला जामीनदार शोधावा लागत नाही. तुम्ही ते भाग्यवान असाल तर या सूचना जपून ठेवा. परवा पोस्टानं आलेल्या वसुलीच्या नोटिशीच्या पाकिटामुळं त्या सुचल्यात.

सही शक्यतो येळवशीला करावी. रानात कोप उभी आहे, भज्जी-उंडे झालेत, आंबिलीचा दुसरा तांब्या रिकामा झालाय आणि डोळे जड झालेत. अशा वेळी धाकटा भाऊ पिशवीतून कागद काढतो. "दादा, नुस्ती सही तं हाय. पैशे काय तुम्हाला भरायचेत?" हे ऐकल्यावर चष्मा शोधत बसू नये.

पतसंस्थेत जाताना तीन महिन्यांच्या पगारपत्रकाच्या प्रती, आधार, पॅन, दोन फोटो आणि सही केलेले कोरे चेक न्यावेत. चेकवर रक्कम लिहू का, असं विचारून मॅनेजरचा अपमान करू नये. ते मेव्हण्याच्या ओळखीतले असतात.

हमीपत्र वाचू नये. 'पगारातून परस्पर कपातीस माझी संमती आहे' ही ओळ तर मुळीच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, जामीनदार म्हणजे साक्षीदार हा समज शेवटपर्यंत सांभाळावा. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याचं कलम 128 सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. इतकीच म्हणजे अर्धी नव्हे, आणि 'आधी त्याच्याकडं जा, मग माझ्याकडं या' असंही नव्हे. हप्ता थकला की धनको पहिल्याच दिवशी जामीनदाराला धरू शकतो. आणि त्यानं दुसऱ्या कुणाला का धरावं? भावाकडची जमीन अजून वडलांच्या नावावर, मोटरसायकल फायनान्सवर, फोन बंद. तुमचा पगार मात्र दर महिन्याला एकाच खात्यात, एकाच कार्यालयातून. शिवाय तुम्ही फोन उचलता.

हिशेबच मांडू. 5 लाख रुपये, 12 टक्के व्याज, 60 हप्ते. महिन्याचा हप्ता साधारण 11,122 रुपये. भाऊ आठ हप्ते भरतो, म्हणजे जवळजवळ 89 हजार. पण सुरुवातीच्या हप्त्यांत मोठा वाटा व्याजाचा असतो, म्हणून मुद्दल जेमतेम 51 हजारांनी कमी होतं आणि 4 लाख 49 हजार शिल्लक राहतात. मग सोयाबीनचा भाव पडतो, मग पोरीचं लग्न निघतं, मग पुढच्या हंगामाचा वायदा. या वर्षभरात एकही हप्ता गेला नाही की साध्या हिशेबानंही 54 हजार व्याज चढतं. म्हणजे 5 लाख 3 हजार! उचललं त्याहून जास्त, आणि दंडव्याज, नोटिशीचा खर्च अजून धरलेलाच नाही. सहकारी संस्था असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला निघतो, दिवाणी दाव्यासारखी वर्षं त्यात जात नाहीत. तिकडं तुमच्या स्वतःच्या घरकर्जाचा अर्ज बँकेत अडकतो, कारण हे थकलेलं कर्ज तुमच्या सिबिलवरही दिसू शकतं. आणि घरचे काय म्हणतात? "तुझं काय बाबा, पगार चालू हाय."

पगार चालू आहे म्हणून काय तो गावकीचा रांजण आहे? ज्यानं घेतलं त्याच्या दारात नवी फटफटी, आणि ज्यानं फक्त सही केली त्याच्या पोराची फी उसनवारीवर. वर बैठकीत तोंड वर करून सांगायचं, दादानं सांभाळून घेतलं. दादानं नाही, दादाच्या पगारानं सांभाळलं, तेही त्याला न विचारता. हप्ता चुकणार हे दोन महिने आधी कळत होतं ना? तेव्हा एक फोन करायला काय झालं होतं? लाज वाटली म्हणता, मग पहिली सही मागताना कुठं गेली होती ती?

आणि तुम्ही, दादासाहेब, तुम्हीही कमी नाही. रोख रक्कम खिशात घालून जाता, गुपचूप भरता आणि पावती भावाच्या नावानं फाडून आणता, घरात बोभाटा नको म्हणून. मग तुम्ही भरले हे सिद्ध कशावरून करणार? भरायचेच असतील तर स्वतःच्या खात्यातून भरा, जामीनदार म्हणून भरल्याची पावती स्वतःच्या नावानं घ्या, बेबाकी दाखला घ्या, कोरे चेक परत मागून घ्या. भरलेलं भावाकडून वसूल करायचा हक्क करार कायद्याचं कलम 145 देतं, पण भरल्या दिवसापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तीन वर्षं तुम्ही 'घरचंच आहे' म्हणत काढता.

आता साडूच्या ट्रॅक्टरचा कागद येणार आहे. तेव्हा 'बघतो' म्हणू नका, आपल्याकडं 'बघतो'ला लोक 'हो' धरतात. सरळ नाही म्हणा, आणि तेही चहा यायच्या आधी.