कौलांभोवतीची पांढरी कड आणि करडं आभाळ

"विक्रीसाठी बंगल्याचे फोटो काढून घेतले. कौलांच्या कडेने पांढरा उजेड फाकलाय, वर आभाळ पाऊस येणार असल्यासारखं करडं. त्या दुपारी तर लख्ख ऊन होतं! बघायला आलेले लोक म्हणाले, फोटो एडिट केलेत. – २ तारे"

नमस्कार. तक्रार रास्त आहे, चूक आमचीच. फोटोत बाहेरून काही चिकटवलेलं नाही, आभाळही त्याच दुपारचं आहे. बिघडलं ते एचडीआरच्या, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम जोडून एक फोटो करण्याच्या, टोन मॅपिंगमध्ये: जोडलेल्या फोटोतला उजेड जुळवून घेण्याच्या टप्प्यात.

ओटीवरची सावली आणि मागचं ऊन एका शॉटमध्ये मावत नाही. म्हणून ट्रायपॉडवरून एफ/८ आणि आयएसओ १०० वर तीन फ्रेम घेतल्या: १/१०००, १/२५० आणि १/६० सेकंद. पहिल्या फ्रेममध्ये आभाळ नीट आलंय, तिसरीत ओटी. त्या जोडल्यावर सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याचा उजेड त्याच्या शेजाराच्या सरासरीशी ताडून बदलतं. मोकळ्या आभाळात शेजार सगळा उजळ, म्हणून ते दाबलं जातं आणि करडं पडतं. कौलांलगतच्या आभाळाच्या शेजारात मात्र गडद कौलंही मोजली जातात. सरासरी उतरते, तेवढी पट्टी कमी दाबली जाते आणि छपराभोवती पांढरी राहते. आम्ही या बदलाची स्ट्रेंग्थ जास्त ठेवली, त्यामुळे ती लांबूनही दिसते.

खऱ्या आभाळातही क्षितिजाकडे उजेड वाढतो, पण आडवा आणि सावकाश. तो छपराच्या उतारासोबत वळत नाही. फोटो १०० टक्क्यांवर मोठा करून छपराच्या कोन्याजवळ पाहिलात की फरक कळेल. (शार्पनिंगचीही पांढरी रेघ येते, पण ती केसाएवढी बारीक असते, ही चांगली रुंद आहे.)

तयार जेपीजीवर हायलाइट्स ओढून हे निघत नाही, म्हणून रॉ फाइलींपासून पुन्हा करतोय. आभाळ फक्त १/१००० च्या फ्रेममधून घेऊ, त्यावर कॉन्ट्रास्ट वाढवणारं क्लॅरिटी किंवा डीहेझ अजिबात नाही. १/६० मधून फक्त ओटी. फ्रेममधला हवा तेवढाच भाग दाखवणाऱ्या मास्कची कड कौलांपाशी पसरट ठेवली तर तीच पांढरी पट्टी परत येते, म्हणून तिथे मास्कची कड नेमकी कापून घ्यावी लागते. माडाच्या झावळ्या हा खरा त्रास: वाऱ्याने त्या तिन्ही फ्रेममध्ये वेगवेगळ्या जागी आहेत. त्या आभाळासोबत १/१००० मधल्याच ठेवतो. जरा काळ्या दिसतील, पण उजेडासमोर झावळ्या डोळ्यालाही तशाच दिसतात. ओटीसुद्धा आधीच्या फोटोइतकी उजळ नसेल.

याचे पैसे नाहीत. नव्या फोटोंसोबत तिन्ही मूळ फ्रेम हात न लावता देऊ. कुणी पुन्हा शंका घेतली तर त्याच्यासमोर ठेवा.