चिमणीच्या घरट्याचा संच: परीक्षणाला दुकानाचं उत्तर

परीक्षण (2 तारे): "पत्रक म्हणे मुलांसाठी सोपं! सहावीतल्या माझ्या मुलीची बाजूची फळी दुसऱ्याच खिळ्याला उभी चिरली. तळ तर रात्रीत सुटला. गोंद भेसळीचा वाटतो. वर पक्ष्याला बसायला दांडीसुद्धा दिलेली नाही."

दुकानाकडून उत्तर:

नमस्कार ताई. फळी टाकून देऊ नका, ती दुरुस्त होते. आधी चीर कुठून कुठे गेली आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

चीर खिळ्यापासून फळीच्या टोकापर्यंत गेली असेल, तर खिळा टोकाच्या फार जवळ बसला आहे. टोकदार खिळा पाचरीसारखा शिरून लाकडाच्या रेषा दोन्हीकडे ढकलतो, आणि टोकाजवळ त्यांना धरून ठेवायला पुढे लाकूडच नसतं. म्हणून पत्रकात पहिला खिळा टोकापासून 25 मिमीवर घ्यायला सांगितलं आहे. चीर एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ गेली असेल, तर दोन्ही खिळे एकाच रेषेत आले आहेत. बाजूच्या फळीत रेषा उभ्या असतात आणि खिळेही उभ्या कडेलाच ठोकायचे असतात, त्यामुळे हे मोठ्यांकडूनही होतं. हे खिळे समोरच्या फळीच्या जाडीत शिरतात. ती फळी 12 मिमी जाड आहे, म्हणजे तिचा मध्य कडेपासून 6 मिमीवर येतो. एक खिळा 5 मिमीवर आणि पुढचा 7 मिमीवर घेतला की रेषा बदलते, आणि खिळा बाहेरही डोकावत नाही. चीर खिळ्यांपासून लांबच असेल, तर लाकडातच आधीपासून तडा होता. ती फळी आम्ही विनामूल्य बदलून देतो.

संचात गिरमिट दिलं आहे ते याचसाठी. खिळा 2 मिमी जाड आहे आणि गिरमिटाचं भोक दीड मिमीचं पडतं. बाहेरच्या फळीत भोक आरपार पाडायचं, आतल्या फळीत नाही, तिथे खिळ्याला पकड हवी. मुलं ही पायरी हमखास गाळतात, कारण हातोडी जास्त गमतीची असते. भोक पाडायचा अगदीच कंटाळा आला, तर खिळा डोक्यावर उलटा उभा करून टोकावर हातोडीचा हलका टोला द्यायचा. बोथट टोक रेषा फाकवत नाही, चिरडत पुढे जातं. हे काम मात्र मोठ्यांनी करावं.

आता तळ. सुटलेल्या जागेवर नख फिरवून बघा. गोंदाच्या थराला लाकडाचे तंतू चिकटून आले असतील, तर गोंदाने आपलं काम केलं आहे, लाकूडच फाटलं. थर अजून पांढरा आणि मऊ असेल, तर तो वाळलाच नव्हता. हा गोंद वाळला की पारदर्शक होतो. नाशिकच्या पावसाळी हवेत 24 तास कमीच पडतात, दीड-दोन दिवस धरा. आणि एका फळीवर चकाकी दिसते पण तळाचं कापलेलं तोंड, म्हणजे जिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात ती कड, कोरडंच आहे, असं असेल तर गोंद लाकडाने पिऊन टाकला. आमचा अंदाज हाच आहे. तळाच्या चार कडांपैकी दोन कापलेल्या तोंडाच्या असतात. त्या दोन्हींवर आधी पातळ हात फिरवून दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरा हात देऊन लगेच फळ्या जोडायच्या आणि खिळे ठोकायचे. खिळ्यांनीच फळ्या दाबून धरल्या जातात. गोंद अर्धवट धरल्यावर खिळे ठोकले, तर प्रत्येक टोल्याने सांधा हलतो.

मुलीच्या फळीचं असं करा: खिळे हळूच उपसा, चीर किंचित फाकवून काडीने आत गोंद भरा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून दोन दिवस ठेवा. मग जुन्या भोकांपासून 15 मिमी सरकून, कडेपासूनचं अंतरही थोडं बदलून, नवी भोकं पाडा. जुन्याच भोकात खिळा घातलात, तर तीच चीर पुन्हा उघडेल. तळाच्या कडेवरचा जुना गोंद पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढा, कारण वाळलेल्या गोंदावर नवा गोंद नीट धरत नाही.

दांडी मुद्दाम दिलेली नाही. चिमणीला 32 मिमीच्या भोकाची कड पुरते, दांडीचा उपयोग कावळ्याला जास्त. भोकाखालची आतली बाजू खरबरीत ठेवा, म्हणजे पिलांना वर चढता येतं. तिथे पॉलिश पेपर लावू नका आणि आतून रंगही देऊ नका.

फळी दुकानात घेऊन आलात तर चीर बघून सांगू. तडा लाकडातलाच निघाला, तर दुसरी फळी आणि खिळे तिथेच मिळतील. पावती नसली तरी चालेल.