सिबिल नाही म्हणून झिरो डाउन पेमेंट? आधी हिशेब बघा

«सिबिल ७५० च्या खाली असेल किंवा सिबिलच नसेल तर बँक दारात उभं करत नाही. टेन्शन नको. शोरूममध्ये फायनान्सवाले बसलेलेच असतात. त्यांना चार कंपन्यांत एकदम फाइल टाकायला सांगा, एक तरी पास होतेच. झिरो डाउन पेमेंट, व्याज फक्त ११ टक्के. स्वस्तातली गाडी कशाला? हवी ती घ्या, हप्ता जड वाटला तर मुदत वाढवा. हप्ते सुरू झाले की सिबिल आपोआप वर. गरजूंपर्यंत पोचवा.»

दुचाकी कर्जाच्या फायली तपासण्याचं काम मी केलंय, त्यामुळे हा मेसेज कुणाच्या फायद्याचा आहे ते पहिल्या ओळीपासून दिसतं. तरी एकेक मुद्दा घेऊ.

सिबिल कमी असणं आणि सिबिल नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिबिल म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली यावरून काढलेला स्कोर, तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. ज्याने कधी कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलंच नाही त्याच्या रिपोर्टवर ‘-१’ किंवा ‘एनएच’ असं काहीतरी दिसतं. याचा अर्थ नोंद नाही, एवढाच. रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत कर्ज देणाऱ्या संस्थांना सांगितलं आहे की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये. ७५० ही रेषाही सरकारने किंवा रिझर्व्ह बँकेने आखलेली नाही, प्रत्येक संस्था आपली आपण ठरवते. याचा अर्थ कर्ज मिळेलच असा नाही, पण सिबिल नसेल तर फाइलमध्ये दुसऱ्या गोष्टी बघितल्या जातात: पगार रोख मिळतो की खात्यात येतो, सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये चेक किंवा हप्ते बाउन्स झालेत का, नोकरी आणि पत्ता किती दिवस टिकून आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वतःच्या खिशातून किती रक्कम घालताय.

स्कोर खरोखर पडलेला असेल तर आधी तो का पडला ते शोधा. आपल्याकडे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चार संस्था, म्हणजे क्रेडिट ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि आपला रिपोर्ट आपण बघितल्याने स्कोर कमी होत नाही. त्या रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा काहीतरी किरकोळ सापडतं. मोबाइलच्या हप्त्याचे शेवटचे दोन हजार राहिले होते, किंवा क्रेडिट कार्डची थकबाकी ‘सेटल’ केली होती. सेटल म्हणजे पूर्ण फेड नव्हे, आणि तो शिक्का पुढच्या प्रत्येक कर्जदात्याला दिसतो. मेहुण्याला जामीन राहिलात आणि त्याने हप्ते थकवले, तर तेही तुमच्या रिपोर्टमध्ये येतं. नोंद चुकीची असेल तर ब्युरोकडे तक्रार करा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. ‘पाच हजारात सिबिल क्लिअर’ अशी पाटी लावणारा याहून वेगळं काही करू शकत नाही. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

आता चार ठिकाणी फाइल टाकण्याबद्दल. प्रत्येक अर्जामागे ती संस्था ब्युरोकडे चौकशी करते आणि ती तारखेसकट रिपोर्टवर उमटते. आठवड्याभरात चार चौकशा आणि एकही कर्ज मंजूर नाही, हे पाचव्या ठिकाणच्या माणसाने बघितलं की तो काय समजायचं ते समजतो. आधीच पातळ असलेल्या रिपोर्टवर तर हे जास्तच उठून दिसतं. शोरूममध्ये ओटीपी देण्याआधी एवढं विचारा: माझी फाइल कोणत्या कंपनीकडे चालली आहे? ती एकाच कंपनीकडे जाऊ द्या आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्याआधी, पगार जिथे जमा होतो त्या बँकेत विचारा. कारखान्यात कामगारांची पतपेढी असेल तर तिथेही चौकशी करा. हप्ता पगारातून कापला जात असल्याने पतपेढीला सिबिलची फारशी काळजी नसते. मात्र पतपेढ्या आणि पतसंस्थांमधली फेड बऱ्याचदा ब्युरोपर्यंत पोचत नाही. स्कोर उभा करणं हाही हेतू असेल तर कर्ज घेण्याआधीच हे विचारून घ्यावं.

‘फक्त ११ टक्के’ या मुद्द्यावर जरा थांबू, कारण खरी गंमत इथे आहे.

समजा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर काम करणारा मुलगा आहे. हातात पगार १८,००० येतो, मोबाइलचा १,५०० चा हप्ता चालू आहे, बाकी कर्जाचा इतिहास नाही. त्याला १२५ सीसीची स्कूटर हवी आहे. शोरूम किंमत लाखाच्या आसपास, टॅक्स, इन्शुरन्स, पासिंग धरून ऑन-रोड १,२५,०००. झिरो डाउन, चार वर्षं, ११ टक्के. टेबलावरचा माणूस कॅल्क्युलेटरवर असं करतो: सव्वा लाखाचे वर्षाला ११ टक्के म्हणजे १३,७५०, चार वर्षांचे ५५,०००. एकूण १,८०,०००, भागिले ४८, हप्ता ३,७५०.

यात फसवणूक अशी नाही, याला फ्लॅट दर म्हणतात. फक्त यात व्याज चारही वर्षं पूर्ण सव्वा लाखावर लागतं. मुलगा तर दर महिन्याला मुद्दल फेडत चाललेला आहे. शेवटच्या वर्षी त्याच्याकडे मुद्दल चाळीसेक हजार उरलेलं असतं, तरी व्याज सव्वा लाखाचं. बँका सांगतात त्या पद्धतीने, म्हणजे शिल्लक रकमेवर व्याज धरलं, तर हाच दर १९ टक्क्यांच्या वर जातो. प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, कर्जावरचा विमा असे ४,००० रुपये वेगळे घेतले तर तो २१ च्या आसपास पोचतो. शेजारच्या बँकेने १४ टक्के सांगितले म्हणून तिथून उठून ११ वाल्याकडे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. १४ महाग नव्हतेच.

यावर इलाज सोपा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या कर्जासोबत एक तक्ता देणं बंधनकारक आहे, त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. त्यात ‘एपीआर’ म्हणून एक आकडा असतो, ज्यात व्याज आणि कर्जापोटी घेतलेले इतर आकार एकत्र धरलेले असतात. दोन ठिकाणची तुलना फक्त या आकड्याने करा. सही करण्याआधी हा कागद मागा. ‘नंतर ॲपवर येईल’ असं उत्तर आलं तर सहीसुद्धा नंतरच करा.

आता झिरो डाउन आणि वाढीव मुदत. एक वर्ष नियमित हप्ते भरले, म्हणजे ४५,००० दिले, तरी त्या मुलाकडे अजून सुमारे १,०२,००० येणं बाकी निघतं. वर्षभर वापरलेल्या स्कूटरला तेवढे पैसे कोण देणार? शोरूममध्ये नवीच जवळपास त्या भावात मिळते. टॅक्स आणि इन्शुरन्सला गेलेले पैसे विकताना परत येत नाहीत, आणि तेही त्याने कर्जावर घेतलेले आहेत. अशात कंत्राट संपलं, हप्ते थकले, कंपनीने गाडी उचलून लिलावात विकली, तर आलेली रक्कम वजा होऊन उरलेलं देणं त्याच्या नावावर राहतं. गाडीही नाही आणि स्कोरही गेला. डाउन पेमेंट मागितलं जातं ते याचसाठी, आणि खिशातून तिसरा हिस्सा घालणाऱ्याची फाइल सिबिल नसतानाही पुढे सरकते ती याचसाठी.

तोच मुलगा १०० सीसीची साधी बाइक बघतो असं धरू. ऑन-रोड ८०,०००, त्यातले २५,००० स्वतःचे. दर मुद्दाम तोच ठेवू, ११ फ्लॅट, मुदत दोन वर्षं. व्याज १२,१००, हप्ता साधारण २,८००. म्हणजे हप्ता साडेनऊशेने कमी आणि मुदत निम्मी. सगळं मिळून गाडी पडली ९२,१०० ला, तिकडे १,८०,००० ला. आता पेट्रोल. रोज ३० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ७८० किलोमीटर. बाइक लिटरला ६० देत असेल आणि स्कूटर ४५, तर १०५ च्या भावाने महिन्याला साडेचारशेचा फरक पडतो. हप्ता आणि पेट्रोल मिळून महिन्याला चौदाशे वाचले. मोबाइलचा हप्ता जवळपास फुकटात निघाला.

२५,००० नसतील तर? मग सहा-आठ महिने बसने जाऊन ते साठवणं स्कूटरच्या कर्जापेक्षा स्वस्त पडतं. दुसरा पर्याय म्हणजे सेकंडहँड गाडी, पण ती शक्यतो रोखीने घ्या. जुन्या गाडीवरचं कर्ज नव्यापेक्षा महाग असतं. घेताना आरसीवर आधीच्या कर्जाचा बोजा आहे का, ई-चलन थकलंय का आणि चासी नंबर जुळतो का हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

राहिलं ‘सिबिल आपोआप वर’. आपोआप काही होत नाही, वेळेवर भरलेला हप्ताच वर नेतो. नवख्या रिपोर्टवर ओळीच एक-दोन असतात, त्यामुळे एक थकलेला हप्ताही जास्त बोचतो. इथे सगळ्यात जास्त गडबड होते ती तारखेची. कंत्राटी पगार दहा तारखेला येतो आणि हप्ता पाचला कापला जातो. पैसे असूनही तो बाउन्स होतो, मग बँकेचा दंड वेगळा, कंपनीचा वेगळा. जानेवारी २०२५ पासून कर्जसंस्थांना ही माहिती ब्युरोकडे महिन्याऐवजी निदान पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे उशीरही लवकर दिसतो. मॅन्डेटवर, म्हणजे खात्यातून हप्ता कापायच्या परवानगीवर सही करतानाच पगारानंतरची तारीख मागा. नंतर ती बदलणं कटकटीचं असतं.

शेवटचा हप्ता गेल्यावर कंपनीकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या आणि आरटीओकडून आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. महिन्या-दीड महिन्याने रिपोर्ट काढा. तिथे खातं ‘क्लोज्ड’ आणि शिल्लक शून्य दिसायला हवी. तसं दिसत नसेल तर एनओसीची प्रत जोडून लगेच तक्रार टाका.