घरातल्या सगळ्यांच्या वयाचा एकच तक्ता करा

निवृत्तीचं, मुलांच्या शिक्षणाचं, गृहकर्जाचं असं प्रत्येक नियोजन लोक वेगवेगळ्या कागदावर करतात. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबरही असतो. अडचण कुठे येते, तर हे सगळे कागद एकाच वर्षात येऊन एकमेकांवर आदळतात तेव्हा. ते वर्ष कोणतं हे आधी कळायला हवं असेल, तर पैशांच्या आकड्यांना हात लावण्याआधी वयाचा तक्ता करावा, असं माझं ठाम मत आहे.

तक्ता साधा आहे. वर आडव्या ओळीत घरातल्या प्रत्येकाचं नाव, त्याखाली जन्मतारीख, आणि डावीकडे उभं एकेक वर्ष. मी वय १ जूनला धरते, कारण आपल्याकडे शाळा-कॉलेजचं वर्ष जूनच्या आसपास सुरू होतं आणि मोठे खर्चही तेव्हाच येतात. नुसतं वर्षातून वर्ष वजा केलं, तर ऑगस्ट-नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्यांचं वय जूनमध्ये एकाने जास्त दिसतं. स्प्रेडशीटमध्ये जन्मतारखा दुसऱ्या ओळीत आणि वर्षं A3 पासून खाली लिहिली, तर B3 मध्ये हे सूत्र टाकून उजवीकडे आणि खाली ओढायचं:

```
=DATEDIF(B$2,DATE($A3,6,1),"Y")
```

आता एक नमुन्याचं घर घेऊ. वडिलांचा जन्म ऑगस्ट १९८३, आईचा मार्च १९८८, मुलीचा नोव्हेंबर २०१५, मुलाचा फेब्रुवारी २०२१. आजोबा १९५४ चे, आजी जानेवारी १९५९ च्या. वडिलांची नोकरी ५८ व्या वर्षी संपणारी.

मुलांच्या रकान्यात वयाबरोबर इयत्ताही लिहा. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण, हा निकष धरला तर मुलगी जून २०२१ मध्ये पहिलीत गेली. म्हणजे तिची दहावी २०३१ ला, बारावी २०३३ ला. मुलगा पहिलीत जाईल जून २०२७ मध्ये, त्याची बारावी २०३९ ला. दोघांच्या जन्मवर्षांत सहाचा फरक आहे आणि बारावीतही सहाचाच. पण नुसत्या वयाच्या फरकावरून हे कळत नाही. मुलगा त्याच फेब्रुवारीऐवजी आधीच्या डिसेंबरमध्ये जन्मला असता, तर एक वर्ष आधी बारावी झाला असता. म्हणून इयत्ता अंदाजाने न लिहिता पहिलीपासून मोजत न्यावी.

आता तक्ता आडवा वाचा, कारण खरी माहिती आडव्या ओळीतच असते. जून २०३३ ची ओळ: वडील ४९, आई ४५, मुलगी १७, मुलगा १२, आजोबा ७९, आजी ७४. मुलीच्या कॉलेजचा खर्च सुरू होतो, पण कमावणारे हात भक्कम आहेत. हे वर्ष जड आहे, धोक्याचं नाही. जून २०३९ ची ओळ मात्र थांबून पाहा: वडील ५५, आई ५१, मुलगी २३, मुलगा १८, आजोबा ८५, आजी ८०. मुलाचा इंजिनिअरिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम धरला तर तो २०४३ ला संपतो, आणि वडील ऑगस्ट २०४१ मध्ये निवृत्त होतात. शेवटच्या दोन वर्षांची फी पगाराशिवाय भरायची आहे, तीही घरात दोन ऐंशी पार केलेली माणसं असताना. या घराचं अवघड वर्ष २०४१ आहे. निवृत्तीच्या कागदावर ते दिसत नाही आणि शिक्षणाच्या कागदावरही दिसत नाही.

ही ओळ सापडली की बाकीचे निर्णय तिच्याशी ताडून पाहायचे. आधी गृहकर्ज. २०२१ मध्ये वीस वर्षांसाठी घेतलेलं कर्ज कागदावर २०४१ ला संपतं. पण व्याजदर बदलता असेल आणि दर वाढला, तर अनेकदा हप्ता तोच राहतो आणि मुदत लांबते. हप्ता खात्यातून तेवढाच जात असल्यामुळे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यायचा आहे. तेव्हा कर्जाच्या विवरणातली उरलेल्या हप्त्यांची संख्या दरवर्षी बघा आणि शेवटच्या हप्त्याचं वर्ष तक्त्यात लिहा. या घराने ते २०३९ च्या आत आणायचा प्रयत्न करावा. थोडी जादा रक्कम आत्ता भरली तर मुदत जितकी कमी होते, तितकी तीच रक्कम शेवटी भरून होत नाही.

मग बचत योजनांच्या मुदती. सुकन्या समृद्धीबद्दल फार मोठा गैरसमज आहे. २१ वर्षं मुलीच्या वयाची नाहीत, खातं उघडल्यापासूनची आहेत. या घराने मुलगी दहा वर्षांची व्हायच्या जरा आधी, ऑक्टोबर २०२५ मध्ये खातं उघडलं असेल, तर ते २०४६ मध्ये पूर्ण होईल. तेव्हा मुलगी जवळपास ३१ वर्षांची असेल. दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, म्हणून २०३३ ला थोडा आधार मिळेल. पण सगळा खर्च त्यावर सोपवता येणार नाही. पीपीएफमध्येही असंच होतं. पंधरा वर्षं मोजायची ती खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून. मार्च २०२६ मध्ये उघडलेलं खातं १ एप्रिल २०४१ ला मोकळं होतं, एप्रिल २०२६ मध्ये उघडलेलं १ एप्रिल २०४२ ला. एका महिन्याच्या फरकाने पूर्ण वर्ष जातं, आणि या घरासाठी नेमकं तेच वर्ष महत्त्वाचं आहे.

आजी-आजोबांचा रकाना भरताना बहुतेकांचा हात ऐंशीपाशी अडखळतो. तो रकाना पंचाण्णवपर्यंत न्यावा. त्यात त्यांच्याविषयी वाईट काही चिंतणं नाही, उलट ते आपल्याबरोबर असणार आहेत हे गृहीत धरणं आहे. त्यांच्या कागदोपत्री जन्मतारखेकडेही लक्ष द्या. त्या पिढीत शाळेत घालताना १ जून ही तारीख सर्रास लावली गेली. निवृत्ती, पेन्शन, सवलती कागदावरच्या तारखेने चालतात, गुडघे आणि डोळे खऱ्या वयाने. फरक दोन-तीन वर्षांचा असेल तर दोन्ही वयं लिहा. या घरात मुलगी २०३३ ला शिकायला बाहेर गेली तर एक खोली रिकामी होईल आणि तेव्हा आजोबा ७९ चे असतील. न्हाणीघरात आधाराचे दांडे, उंच कमोड, न घसरणारी फरशी ही कामं त्याच वर्षी करावीत, पडझड झाल्यावर नाही.

शेवटी आईचा रकाना, ज्याकडे सर्वात कमी लक्ष जातं. निवृत्तीचा हिशेब बहुधा नवऱ्याच्या वयावर बेततात: ८५ पर्यंत पुरेल इतकं. इथे ते वर्ष २०६८ येतं. तेव्हा आई ८० वर्षांची असेल आणि त्यापुढचं तिचं आयुष्य हिशेबात धरलेलंच नसेल. नव्वदीपर्यंत धरलं तर तक्ता २०७८ पर्यंत जातो. म्हणजे २०४१ पासून ३७ वर्षं पैसे पुरायला हवेत. घर दोघांच्या नावावर आहे का, प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन आहे का, नवऱ्याच्या पश्चात तिला पेन्शन मिळेल का आणि किती, ही तीन उत्तरं तिच्या रकान्याखाली लिहून ठेवा, आणि तो कागद तिच्या हाताशी राहू द्या.