दुसऱ्यांदा आलेलं ‘हॅलो’

चॅटवर ग्राहकांना उत्तरं द्यायचं काम मी सहा वर्षं करतेय. चिडलेल्या माणसाला उत्तर देणं जमतं, शिव्यांनाही जमतं. मी सगळ्यात जास्त वेळा चुकले ती नुसत्या ‘हॅलो’ला उत्तर देताना.

मागच्या आठवड्यातलंच सांगते. एका बाईंचे एकाच बिलाचे पैसे दोनदा कापले गेले होते. मी म्हटलं, बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक पाठवा. त्या शोधायला गेल्या. आमच्याकडे 10 मिनिटं पलीकडून काही आलं नाही की चॅट आपोआप बंद होतं. त्या परतल्या 14व्या मिनिटाला. त्यांच्यासमोर कोरी खिडकी, माझ्यासमोर ‘नवीन ग्राहक’. त्यांनी लिहिलं, ‘हॅलो’. माझं बोट सवयीनं तयार उत्तरावर गेलं: ‘नमस्कार! मी आपली काय मदत करू?’

पलीकडून एकच शब्द आला. ‘परत?’

आता बघा, त्यांना शोधायला पाठवणारी मीच होते. बरीच चॅट अशीच मरतात. आपणच बिल शोधायला, फोटो काढायला, डब्याखालचा नंबर वाचायला सांगतो आणि घड्याळ मात्र चालूच राहतं. वेबसाइटवरच्या चॅटमध्ये लॉगिन केलेलं नसेल, तर माणसाची ओळख म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली एक तात्पुरती खूण. सेशन संपलं की नवी खूण मिळते, आणि सिस्टीमच्या लेखी तो माणूसही नवा होतो. माणसाच्या लेखी बोलणं अजून चालूच असतं.

परत आलेला माणूस ओळखू येतो. पहिल्यांदा आलेला बहुधा ‘हॅलो’च्या मागोमाग तक्रार लिहितो. परत आलेला ‘हॅलो??’ किंवा ‘आहात का?’ लिहून थांबतो. कधी काहीच न बोलता एखादा नंबर किंवा फोटो टाकतो. प्रश्नाशिवाय आलेला नंबर म्हणजे आपल्याच कुणीतरी मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. अशा नंबरापुढे ‘काय मदत करू?’ लिहिणं म्हणजे हात पुढे केलेल्या माणसाला नाव विचारणं.

मी आता असं लिहिते: ‘नमस्कार. आधी बोलत असताना चॅट बंद झालं का? तसं असेल तर नोंदवलेला मोबाइल नंबर द्या, मागचं काढून बघते. सगळं पुन्हा लिहू नका.’ माणूस खरंच नवा असला, तरी यानं त्याचं काही बिघडत नाही.

नंबर जुळेपर्यंत मागच्या बोलण्यातलं अक्षरही सांगायचं नाही. तोच फोन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात असू शकतो. आणि ओळख पटवायला ओटीपी कधीच मागायचा नाही. (हे नव्या मुलांना मी दर महिन्याला सांगते. दर महिन्याला सांगावं लागतं.)

मग शोधायचं. बोलणं गेलं तरी बोलण्यातून झालेलं काम सहसा मागे उरतं. त्या बाईंच्या खात्यावर दोन्ही व्यवहार दिसत होते, परताव्याचा अर्ज मात्र टाकलेला नव्हता. म्हणजे आम्ही नेमके कुठे थांबलो होतो ते मिनिटभरात कळलं. मी तेवढंच लिहिलं: ‘एका बिलाचे दोन व्यवहार दिसताहेत, अर्ज अजून टाकायचाय. फक्त व्यवहार क्रमांक हवा. बरोबर?’ त्यांनी लगेच क्रमांक टाकला. तो त्यांच्या हातातच होता.

आणि काहीच सापडलं नाही तर? तसं सरळ सांगावं. ‘मागचं बोलणं मला दिसत नाही, क्षमस्व. शेवटी तुम्हाला काय करायला सांगितलं होतं?’ सुरुवात नाही विचारायची, शेवट विचारायचा. तो माणसाला ताजा आठवत असतो. ‘हो हो, आठवतंय’ असं तर कधीच म्हणू नये. दुसऱ्या वाक्याला उघडं पडतं.

सगळ्यात अवघड, ‘मघाशी तुमचा माणूस म्हणाला तीन दिवसांत पैसे येतील.’ नोंद नसते. अशा वेळी त्यांना खोटं पाडायचं नाही आणि ‘हो, येतील’ असंही म्हणायचं नाही. ‘ती नोंद मला दिसत नाही. अर्ज आत्ता टाकते, त्यावर जी मुदत येईल ती तुम्हाला लिहून देते’ इतकंच माझ्या हातात असतं.

आता कुणाला काही शोधायला पाठवण्याआधी मी तक्रार क्रमांक देते: ‘चॅट बंद झालं तर नुसता हा टाका.’ आणि तेवढ्या वेळात नोंदीत एक ओळ लिहिते: अडचण काय, काय मागितलं, पुढे काय करायचंय. वीस सेकंद लागतात. वरिष्ठांना ते वीस सेकंद खुपतात, कारण आमचं मोजमाप पहिलं उत्तर किती लवकर गेलं यावर होतं, आणि तयार ‘नमस्कार’ सगळ्यात लवकर जातो.

त्या दिवशीच्या अहवालात त्या बाई दोनदा आहेत. त्यांच्या पहिल्या, आपोआप बंद झालेल्या चॅटपुढे लिहिलंय: ‘निकाली’.